गाडी सुटते बोरिवलीहून, आमचं बोर्डिंग हडपसरला. कॅन्सलेशनचे तास कुठून मोजायचे?

बार्शीची_लेक
मागच्या आठवड्यातली गोष्ट. अजून डोक्यातून जात नाही म्हणून इथं विचारते.

आईचं पुणे-लातूर स्लीपरचं तिकीट काढलं होतं. शुक्रवारची रात्र, बोर्डिंग हडपसर गाडीतळ, वेळ रात्री 12.40. भाडं 1200, कूपनचे 150 वजा होऊन भरले 1050. (जीएसटी सोडून सांगतेय.) शुक्रवारी दुपारी लातूरच्या डॉक्टरांचा निरोप आला की अपॉइंटमेंट पुढं गेली. मी सव्वा वाजता तिकीट रद्द केलं.

तिकिटावर लिहिलं होतं: 24 तासांपेक्षा आधी 15 टक्के, 12 ते 24 तासांत 30 टक्के, 6 ते 12 तासांत 50 टक्के आणि 6 तासांच्या आत पूर्ण रक्कम कापणार. सव्वा वाजल्यापासून 12.40 पर्यंत साडेअकरा तास होत आले, म्हणजे निम्मे कापले जातील, असा माझा हिशोब. परत आले शून्य.

ग्राहक सेवेला फोन केला तर म्हणाले, "मॅडम, गाडी बोरिवलीहून साडेसहाला सुटते. तास तिथून मोजतात." माझी आई बोरिवलीला चढणारच नव्हती! तिकिटावर बोरिवलीचं नावसुद्धा नाही. हे असंच असतं का? पुढच्या आठवड्यात आईला परत पाठवायचंय, म्हणून बोर्डिंग आणि बर्थ कुठला घ्यावा तेही सांगा. तिचे गुडघे दुखतात.

घाटवाट
असंच असतं. माझेही गेलेत, कोल्हापूरच्या गाडीत.

निवांत_पाटील
एवढा त्रास कशाला घेता? एसटीनं पाठवा. मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट आहे आणि 75 च्या पुढं वय असेल तर फुकट. स्वारगेटला जायचं, फलाटावर गाडी उभी असते. पूल नाही, फोन नाही, "दोन मिनिटांत येतो" नाही.

बार्शीची_लेक
पाटील साहेब, एसटीवर आमचा राग नाही. आई 68 ची आहे, सात-आठ तास पाय खाली सोडून बसली की गुडघे सुजतात. तिला आडवं व्हायला मिळालं पाहिजे. रेल्वेला वेटिंग होतं.

खडकीचा_राजा
ताई, तुम्ही तक्रार करा. सरकारनं 2018 ला जीआर काढलाय, खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांना 50 टक्क्यांच्या वर कापता येत नाही. आरटीओत द्या अर्ज, पैसे परत येतील.

वकिलीण
राजे, जीआर आहे, पण तो याबद्दल नाही. 27 एप्रिल 2018 चा तो निर्णय भाड्याबद्दल आहे: त्याच प्रकारच्या एसटीचं जे भाडं असेल त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं खासगी गाडीला घेता येत नाही. 50 टक्के ही मर्यादा भाडं किती वाढवायचं त्याची आहे, तिकीट रद्द केल्यावर किती कापायचं त्याची नाही. दिवाळीत अव्वाच्या सव्वा भाडं लावलं तर आरटीओत तक्रार करताना तो कामाला येतो. इथं नाही.

खडकीचा_राजा
बरं, मग चुकलो. पण 50 टक्के कुठंतरी वाचलं होतं हे खरं.

चार्टवाला
मी सहा वर्षं पद्मावती पार्किंगला बुकिंग काउंटरवर होतो, आता दुसरा धंदा करतो. आतली बाजू सांगतो.

गाडीच्या एका फेरीला सिस्टिममध्ये एकच सुटण्याची वेळ असते, पहिल्या बोर्डिंगची. बोरिवली, सायन, वाशी, कळंबोली, वाकड, कात्रज, हडपसर हे सगळे त्या एकाच फेरीचे थांबे. कॅन्सलेशनचं घड्याळ त्या एका वेळेला बांधलेलं असतं, तुमच्या थांब्याला नाही. चार्ट पहिल्या ठिकाणी निघतो. त्यानंतर हडपसरचा बर्थ रिकामा झाला तर तो भरायला आमच्या हातात वाकड-कात्रजचे एक-दोन ऐनवेळचे प्रवासी, एवढंच उरतं. म्हणून मालक गाडी सुटायच्या आधीचे सहा तास धरून बसतो.

तुमच्या केसमध्ये साडेसहातून सहा तास वजा करा: दुपारी साडेबारा. तुम्ही सव्वाला रद्द केलं, म्हणजे 45 मिनिटांनी हुकलं. साडेबाराच्या आधी केलं असतं तर 50 टक्क्यांत बसला असतात.

आणि तेव्हाही 525 मिळाले नसते. कापणी मूळ भाड्यावर होते, कूपननंतरच्या रकमेवर नाही. 1200 चे निम्मे 600, ते तुमच्या 1050 मधून वजा, हातात 450. कूपनचे 150 तुमच्याच वाट्यातून गेले असते. काउंटरवर यावरून रोज भांडणं व्हायची.

बार्शीची_लेक
पंचेचाळीस मिनिटं. डॉक्टरांचा निरोप बाराला आला होता, मी आधी आईला जेवायला वाढलं. बारालाच केलं असतं तर 450 आले असते.

चार्टवाले दादा, हे आधी कळणार कसं? मी पुणे-लातूर शोधलं तर मला फक्त पुण्यातले थांबे दिसले.

चार्टवाला
दोन खुणा आहेत.

पहिली: तिकीट काढण्याआधी कॅन्सलेशनची अट उघडा. बऱ्याच ॲपवर नुसते "6 तास" लिहिलेले नसतात, अमुक तारीख अमुक वेळेच्या आधी असं घड्याळ दिलेलं असतं. तिथं शेवटची वेळ संध्याकाळी साडेसहा दिसली आणि तुमचं बोर्डिंग रात्री पाऊणचं असेल, तर गाडी सहा तास आधी कुठून तरी सुटतेय हे ओळखायचं. खाली बारीक अक्षरात "सर्व्हिस सुरू होण्याच्या वेळेपासून" असंही असतं.

दुसरी: त्याच तारखेला मुंबई-लातूर शोधा. तीच ट्रॅव्हल्स, तोच बसचा प्रकार, लातूरला पोचायची तीच वेळ दिसली की तीच गाडी. तिथं पहिला थांबा आणि त्याची वेळ दिसते.

पुण्यातून मध्यरात्रीनंतर निघणारी गाडी बहुतेक मुंबईहून आलेली असते. जिला निगडी किंवा भोसरीहून रात्री नऊच्या आसपास वेळ आहे ती पुण्याची. आईंसाठी पुण्याची घ्या. घड्याळाचा फरक दीड-दोन तासांवर येतो आणि ती उशिरा येण्याची भीतीही कमी. मुंबईहून येणारी पनवेललाच अडकली तर हडपसरला तुम्ही दोन वाजेपर्यंत रस्त्यावर.

रेवती_ठाणे
चार्टवाला, तुमचं बाकी सगळं पटलं, पण "बर्थ भरता येत नाही म्हणून" हे नाही पटलं. मी दर महिन्याला ठाणे-पुणे याच लांबच्या गाड्यांतून येते. सोलापूर-लातूरच्या गाडीतला जो बर्थ वाकडपर्यंत रिकामा असतो तो मला विकतात. म्हणजे एकाच बर्थचे मुंबई-पुणे माझ्याकडून आणि पुणे-लातूर यांच्या आईंकडून, दोन्ही भाडी घेतात. विकताना टप्पे वेगळे मोजता, मग रद्द करताना टप्पे का नाही मोजत?

चार्टवाला
याला माझ्याकडं उत्तर नाही. आम्ही काउंटरवर होतो, नियम मालकाचे. तुमचं बरोबर आहे.

वकिलीण
रेवतीचा मुद्दा तक्रारीत नेमका तसाच लिहा. आधी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंदवा. ते आदेश देत नाहीत, पण कंपनीकडे पाठपुरावा करतात. नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. तिकीट काढताना अट स्क्रीनवर होती असं ते म्हणणार. ती अट ठळक नव्हती आणि अन्यायकारक आहे असं तुम्हाला म्हणावं लागेल. निकाल कसा लागेल ते आज मी छातीठोक सांगणार नाही. काही झालं तरी तिकिटाचा आणि अटींचा स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा.

दत्ता_मुरूडकर
ह्या सगळ्यात हडपसर गाडीतळाचं कुणी बोललंच नाही. ताई, तिथं आईला एकटं उभं करू नका.

मागच्या वर्षी वडलांना घेऊन मी तिथं उभा. मेसेजमध्ये फक्त "हडपसर गाडीतळ". आम्ही पुलाखाली, रसवंतीच्या शेजारी. एक वाजता गाडीतल्या पोराचा फोन, "कुठंयत तुम्ही, मी गाडीतळ क्रॉस केलं." गाडी उड्डाणपुलावरून गेली होती! तो म्हणाला, "पंधरा नंबरला या, पाच मिनिटं थांबतो." रात्री एकला रिक्षावाल्यानं दीडशे मागितले, दिले. वडील एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात औषधाचा डबा घेऊन रिक्षातून उतरून पळत होते. वय 71. गाडी थांबली होती, पण दार उघडून पोरगं ओरडत होतं, "चला चला चला." ते पळणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारतो: "गाडी पुलावरून येणार का पुलाखालून?" आणि जो थांबा पुलाच्या पुढं आहे तोच घेतो. शेवाळवाडी घ्या. पीएमपीचा डेपो आहे, दिवे असतात, सोलापूरकडं जाणारी गाडी तिथून जातेच.

घाटवाट
हेच वाकडला. तिकिटावर "वाकड ब्रिज". हायवेवर का सर्व्हिस रोडला, पुलाच्या अलीकडं का पलीकडं, काही नाही. बंगळुरूकडं जाणारी आणि मुंबईकडं जाणारी अशी दोन्ही बाजूंची माणसं एकाच नावाखाली उभी असतात.

सुधाकाकू
गाडीचा रंगही बघा गं. मेसेजमध्ये एका ट्रॅव्हल्सचं नाव, येते भलत्याच नावाची गाडी. मी दोनदा हात न करता सोडून दिली असती. नंबर बघायचा आणि पोराला विचारायचं, "लातूर का?" आणि नंबरही ऐनवेळी बदलतात, फोन चालू ठेवायचा.

कोथरूडकर
आमच्या इथून बोर्डिंग घेतलं तर मुख्य गाडी येतच नाही. एक छोटी गाडी येते, ती आपल्याला संगमवाडीला नेऊन सोडते. नागपूरच्या प्रवासात मला हे माहीत नव्हतं. मी पिकअपच्या गाडीलाच बस समजलो आणि म्हटलं, यात स्लीपर कुठाय? ती गाडी अर्धा तास आधी येते आणि चुकली तर बसही चुकते. तिकिटावर थांब्यापुढं पिकअप व्हॅन लिहिलंय का ते बघा.

निवांत_पाटील
या गाड्यांना स्टँड का नाहीत मग? आमच्या एसटीसारखे.

चार्टवाला
परमिटमुळं. एसटीचं स्टेज कॅरेजचं परमिट, तिला टप्प्याटप्प्यावर माणसं चढवता-उतरवता येतात. आमच्या गाड्यांचं कॉन्ट्रॅक्ट कॅरेजचं. कायद्याच्या हिशोबानं ती गाडी ठरलेल्या करारातली माणसं इथून तिथं नेते, वाटेत कुणालाही घेत जायचं नाही. प्रत्यक्षात धंदा थांब्या-थांब्याचाच चालतो. म्हणून थांबा म्हणजे पंप, पूल, हॉटेलची कमान. ट्रॅफिक हवालदार आला की थांबा पन्नास मीटर पुढं सरकतो आणि तुम्ही मागं राहता.

अमोल_नेरळ
तारखेचं कुणी सांगितलं का? रात्री 12.40 म्हणजे शनिवार लागतो. माझा मित्र शुक्रवारच्या रात्री जाऊन उभा राहिला, तिकीट निघालं शनिवारच्या रात्रीचं, म्हणजे रविवार उजाडताना 12.40 चं. सोपा नियम: बारानंतरची गाडी असेल तर नेहमी आदल्या दिवसाची तारीख टाकायची.

चार्टवाला
नेहमी नाही हो, हाच नियम धरून माणसं फसतात. काही ठिकाणी गाडी बोरिवलीहून ज्या दिवशी सुटते ती तारीख चालते, काही ठिकाणी तुम्ही चढता ती. तारीख टाकून झाली की थांब्याच्या वेळेशेजारी छापलेली तारीख वाचायची. तिथं शनिवार 12.40 असेल तर शुक्रवारी जेवून निघायचं. ती तारीख दिसत नसेल तर पैसे भरण्याआधी ट्रॅव्हल्सला फोन करून विचारायचं, "शुक्रवारची रात्र का शनिवारची रात्र?" रात्र विचारायची, तारीख नाही.

सुधाकाकू
"रात्र विचारायची" हे लिहून ठेवलं मी.

प्रणव_औसा
बर्थचं सांगतो, महिन्यातून दोनदा जातो. पूर्ण स्लीपर गाडीत एका बाजूला एकेरी बर्थ, दुसऱ्या बाजूला जोडीचे, खाली-वर दोन मजले. बहुतेक 30 नाहीतर 36 बर्थची गाडी. काकूंना खालचा एकेरी घ्या. वरच्याला लोखंडी पायऱ्या आणि एक मोठी ढेंग लागते, गुडघेदुखीला ते नको. शिवाय वरचा जास्त हेलकावतो, टेंभुर्णी सोडून गाडी बार्शीकडं वळली की कळतं.

रांग मधली घ्या. मागच्या चाकांच्या वर आणि त्याच्या मागं आदळतं, एकदम पुढं दाराचा आवाज आणि पोरांची ये-जा. 36 च्या गाडीत तिसरी रांग बरी.

आणि जोडीच्या खालच्याला भुलू नका. तो रुंद दिसतो, पण दोन तिकिटांचा असतो. एक घेतलं तर शेजारी कुणीतरी येणार, मध्ये फक्त चार बोटांची पट्टी.

रेवती_ठाणे
बाईनं एकटीनं जोडीतला एक घेतला तर शेजारचा बहुतेक ॲपवर फक्त महिलांना दिसतो. पण काउंटरवरून विकलेल्याची खात्री नाही. माझ्या शेजारी एकदा आजोबा आले होते. बिचारे स्वतःच अवघडले आणि पुढं ड्रायव्हरच्या केबिनमध्ये जाऊन बसले. एकेरीच बरा.

नवीन_सदस्य_सोलापूर
सेमी स्लीपर स्वस्त पडतो की. दोन-तीनशेचा फरक आहे. तो का नाही घेत?

प्रणव_औसा
सेमी स्लीपर म्हणजे खुर्चीच आहे, पाठ जास्त मागं जाते एवढंच. झोपायचा बर्थ नाही. आणि "सीटर-स्लीपर" लिहिलं असेल तर बहुतेक खाली खुर्च्या आणि वर बर्थ, म्हणजे त्या गाडीत खालचा बर्थ मिळेलच असं नाही. ताई, बर्थचा नकाशा उघडून खालच्या मजल्यावर आडव्या लांबट चौकटी आहेत का ते बघा. चौकोनी असतील तर खुर्च्या. चौकट आडवी असेल तिथंच पैसे भरा.

नवीन_सदस्य_सोलापूर
अरेच्चा. मी गेल्या महिन्यात आजीला सेमी स्लीपरनं पाठवलं, ती म्हणत होती बसूनच गेले.

दत्ता_मुरूडकर
थोडं अवांतर, पण सांगतो. 1 जुलै 2023 ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ नागपूर-पुणे गाडी जळाली, 25 माणसं गेली. तेव्हापासून मी चढल्यावर पहिल्यांदा संकटकाळी उघडायची खिडकी कुठं आहे आणि काच फोडायची हातोडी जागेवर आहे का ते बघतो. वडलांना त्या खिडकीच्या जवळचा खालचा बर्थ घेतो. दहापैकी चार गाड्यांत हातोडीची नुसती खाच असते. पोराला विचारलं की म्हणतो, "काका, चोरतात."

वकिलीण
त्या खाचेचा फोटो काढून आरटीओला पाठवत जा. मी दोनदा पाठवलाय.

बार्शीची_लेक
तिकीट काढलं. सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

निगडीहून रात्री 8.45 ला सुटणारी पुण्याची गाडी. बोर्डिंग शेवाळवाडी, 10.40. मुंबई-लातूरमध्ये शोधून बघितली, तिथं ती नाही, म्हणजे निगडीच पहिला थांबा. कॅन्सलेशनच्या अटीत शेवटची वेळ 8.45 चीच छापलीय. खालचा एकेरी, तिसरी रांग, 1100 रुपये. कूपन लावलं नाही. 100 रुपये सुटले असते, पण डॉक्टर परत पुढं ढकलतील की काय ही धास्ती आहे.

ट्रॅव्हल्सच्या ऑफिसला फोन केला. "पुलावरून का पुलाखालून" विचारलं तर तो माणूस क्षणभर थांबला आणि म्हणाला, "शेवाळवाडीला पूल लागत नाही ताई, डेपोच्या पुढच्या पंपापाशी उभं राहा." पंप पेट्रोलचा का सीएनजीचा तेही विचारून घेतलं. भाऊ आईला बसवून येणार.

1915 वर तक्रार नोंदवली, रेवतीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. क्रमांक मिळालाय. काय होतंय ते इथं कळवेन.

निवांत_पाटील
आईंना सांभाळून पाठवा. आणि परतीला तरी एसटी बघा. लातूर स्टँडवरून दिवसाची गाडी असते, मधल्या थांब्यांवर उतरून पाय मोकळे करता येतात.

बार्शीची_लेक
परतीचं आईलाच विचारते. ती म्हणेल तसं.

चार्टवाला
निघायच्या दिवशी नऊ वाजता भावाला गाडीतल्या पोराच्या नंबरवर एक फोन करायला सांगा. चार्टवर आईंच्या नावापुढं "शेवाळवाडी" आहे का तेवढं विचारायचं. कधीकधी ॲपवर शेवाळवाडी असतं आणि चार्टवर सगळ्यांचंच "हडपसर" छापून येतं.